परदेशी जाण्यापूर्वी मित्राला निरोपाचा मेसेज : काय लिहावे, कधी पाठवावा आणि मैत्री का विरते?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेला माणूस जाण्याआधी जवळच्या मित्राला जो मेसेज पाठवतो, तो निरोपाचा मेसेज. बहुतेक वेळा त्यात तीन गोष्टी असतात : 'तुझी खूप आठवण येईल', 'आपली मैत्री अशीच राहू दे' आणि 'संपर्कात राहू'. तिन्ही वाक्ये मनापासून लिहिलेली असतात. तरीही वर्षभरात वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही उरत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मैत्री टिकवण्यासाठी लागणारी माहिती या वाक्यांत नसते, हे त्याचे एक कारण आहे.

मैत्री विरते म्हणजे नेमके काय होते?

इंग्लंडमधील सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून कॉलेजला किंवा कामाला लागलेल्या ३० तरुण-तरुणींचा १८ महिने मागोवा घेतला. अभ्यास लहान होता, पण त्यात दिसलेली गोष्ट ओळखीची आहे. नातेवाइकांशी संपर्क कमी झाला तरी जवळीक फारशी घटली नाही. मित्रांच्या बाबतीत मात्र भेटी आणि बोलणे कमी झाले, तशी जवळीकही कमी होत गेली. भांडण झाले नव्हते, मन दुखावले नव्हते, फक्त रोजची कारणे संपली होती.

याच अभ्यासात आणखी एक फरक दिसला. मुलींच्या मैत्रीला बोलण्याचा जास्त आधार मिळाला, तर मुलांच्या मैत्रीला एकत्र काहीतरी करण्याचा. नियम म्हणून हे प्रत्येकाला लागू होणार नाही. पण ज्यांची मैत्री गाडीवरून फिरण्यात, टपरीवर बसण्यात किंवा क्रिकेट खेळण्यात वाढली, त्यांना 'फोनवर बोलू' एवढे का पुरत नाही, हे यातून कळते.

म्हणून निरोपाच्या मेसेजचे खरे काम भावना सांगण्यापुरते नसते. जी रोजची कारणे संपणार आहेत, त्यांच्या जागी नवे कारण ठेवणे हे त्याचे काम असते.

मेसेज कधी पाठवावा?

विमानतळावरून पाठवलेल्या मेसेजला उत्तर येते 'हॅपी जर्नी', आणि विषय संपतो. शेवटचे दोन-तीन दिवस सामान, नातेवाईक आणि कागदपत्रे यांतच जातात. त्यामुळे निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी मेसेज पाठवलेला बरा. तेव्हा मित्राला नीट उत्तर द्यायला वेळ मिळतो आणि एक भेटही ठरवता येते. स्टेटसला टाकलेला निरोप सगळ्यांसाठी असतो. तो पाहून प्रत्येकाला वाटते की उत्तर दुसरे कोणीतरी देईल.

एक उदाहरण : महाबळेश्वर ते जर्मनी

कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तेव्हापासून राज्यात जर्मन भाषा आणि तिथल्या नोकऱ्या यांची चर्चा वाढली. समजा, महाबळेश्वरमधला हॉटेलचे काम शिकलेला एक तरुण जर्मनीला निघाला आहे. त्याच्या मित्राचे बाजारपेठेत चपला आणि चण्यांचे दुकान आहे. त्याने पाठवलेला मेसेज असा असू शकतो :

> भावा, १८ तारखेला मुंबईहून विमान आहे. शनिवार-रविवार तुझं दुकान असतं, म्हणून मंगळवारी संध्याकाळी वेण्णा लेकवर कणीस खायला भेटू.
>
> बारावीला नापास झालो तेव्हा पसरणी घाटात गाडी बंद पडली होती, आठवतंय का? पावसात तू ती ढकलत वाईपर्यंत आणलीस, आणि मी रडत होतो हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस. मी ते विसरलेलो नाही.
>
> तिकडं मला मंगळवारी सुट्टी आहे. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी रात्री साडेदहाला मी फोन करीन. मे महिन्यात आणि दिवाळीत तुझा सीझन असतो, तेव्हा नाही उचललास तरी राग नाही. माझं राहिलं तर शिव्या घालून मेसेज कर.
>
> गणपतीला आमच्या घरी आरतीला जाशील का? तिथून मला व्हिडिओ कॉल लाव. व्हॉट्सॲप याच नंबरवर राहील.

मेसेज लांब नाही आणि त्यात 'मैत्री' हा शब्द एकदाही आलेला नाही. पण त्यातल्या चार गोष्टी उपयोगाच्या आहेत.

१. दोघांनाच माहीत असलेली एक आठवण

'किती मजा केली आपण' हे वाक्य कोणालाही पाठवता येते. पसरणी घाटातली गोष्ट एकाच माणसाला पाठवता येते. आठवण निवडताना एक साधी कसोटी लावता येते : तोच मेसेज नाव बदलून दुसऱ्या मित्राला चालत असेल, तर आठवण पुरेशी नेमकी नाही. त्या प्रसंगात मित्राने काय केले हे लिहिले, की आभार वेगळे मानावे लागत नाहीत. आठवणी दहा नकोत, एकच पुरे. यादी झाली की मेसेज भाषणासारखा वाटू लागतो.

२. ठरलेला वार आणि दोन घड्याळे

'वेळ मिळाला की बोलू' यात पहिला फोन कोणी करायचा हे ठरत नाही. म्हणून दोघेही वाट पाहत राहतात. वार, वेळ आणि फोन कोण करणार, या तिन्ही गोष्टी मेसेजमध्ये हव्यात.

वार ठरवताना दोघांच्या कामाचा अंदाज लागतो. बहुतेक लोक सवयीने रविवार ठरवतात. महाबळेश्वरच्या दुकानदाराला मात्र शनिवार-रविवार सर्वात जास्त गिऱ्हाईक असते, आणि हॉटेलात काम करणाऱ्यालाही रविवारी सुट्टी मिळेलच असे नाही. या दोघांसाठी रविवार हा सर्वात वाईट वार आहे.

वेळेचेही तसेच. जर्मनी उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. तिथली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. म्हणजे इकडचे रात्रीचे साडेदहा हे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात सहा. भारतात घड्याळ कधीच बदलत नसल्याने हा बदल विसरला जातो. नोव्हेंबरात एक-दोन फोन हुकले, तर आधी घड्याळ पाहावे.

३. खंड पडला तर काय, याची आधीच मोकळीक

दूरच्या मैत्रीत एक फोन हुकतो, मग लाज वाटते. लाज वाटते म्हणून पुढचा फोनही टळतो. असे दोन महिने गेले की 'आता काय तोंडाने फोन करायचा' असे होते. 'मे महिन्यात नाही उचललास तरी राग नाही' हे वाक्य त्या लाजेची सोय करून ठेवते. मोकळीक देताना तिचे कारण मित्राच्या जगण्यातले असावे. इथे सीझनचा उल्लेख आला, कारण गर्दीच्या दिवसांत दुकानदाराला जेवायलाही वेळ नसतो, हे निघालेल्या मित्राला माहीत आहे.

४. एकत्र करण्याचे एक काम

गणपतीच्या आरतीला घरी जाण्याची विनंती ही वरकरणी छोटी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे इथल्या मित्राला तिथल्या मित्राशी बोलायला निमित्त मिळते. आयपीएलचा एखादा सामना फोन चालू ठेवून पाहणे, मोबाइलवर बुद्धिबळाचा संथ डाव खेळणे, एकच सिनेमा पाहून त्यावर भांडणे, असेही काही ठरवता येते. मात्र 'आईवडिलांकडे लक्ष ठेव' असे मोघम ओझे टाकू नये. काम ठरावीक आणि मित्राला नाही म्हणता येईल असे असावे.

नंबरची काळजी

परदेशी गेल्यावर नवे सिम घेतले तरी व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरवर चालू ठेवता येते. पण भारतातला प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि त्यात बॅलन्सही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग नवा फोन घेताना पडताळणीचा कोड येत नाही आणि जुने खाते परत मिळवणे अवघड होते. म्हणून एकतर नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवावा, किंवा जुना नंबर चालू असतानाच व्हॉट्सॲपमधील नंबर बदलण्याची सोय वापरावी. त्यात संपर्कातील लोकांना तशी सूचनाही पाठवता येते.

देशानुसारही फरक पडतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. दुबईला जाणाऱ्याने फोनसाठी दुसरा मार्ग आधीच ठरवावा.

नुसत्या लिहिण्यावर मैत्री टिकते का?

टिकू शकते. आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांची ओळख १८८० नंतर पत्रांतूनच वाढली. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला पोहोचेपर्यंत दोघींनी एकमेकींना पाहिलेही नव्हते. पत्रांत चालीरीती, घर आणि रोजचे जगणे यांचे वर्णन असे. १८८७ मध्ये आनंदीबाईंचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. पत्र पोहोचायला तेव्हा कित्येक आठवडे लागत. तरी लिहिण्यात तपशील होता, म्हणून समोरच्या माणसाचे जग डोळ्यांपुढे राहत होते.

मैत्री पातळ होऊ लागल्याची चिन्हे

पहिले चिन्ह म्हणजे उत्तरात फक्त अंगठा किंवा हसरा चेहरा येऊ लागतो. दुसरे, दरवेळी एकच जण फोन करतो. तिसरे चिन्ह सहज लक्षात येत नाही : बोलणे फक्त जुन्या आठवणींवरच चालते आणि या आठवड्यात काय घडले, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही. अशा वेळी फोनची संख्या वाढवण्यापेक्षा तपशील वाढवावा. नव्या खोलीचा फोटो, पहिला पगार कुठे गेला, दुकानात नवे काय आले, एवढे पुरते.

खंड मोठा असेल, तरी पहिला मेसेज पाठवायला कचरू नये. पिट्सबर्ग विद्यापीठातील पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अचानक केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज लोक कमी धरतात.

मर्यादा

असा मेसेज सगळ्या ग्रुपला पाठवण्याचा नसतो. महिन्याला दोन फोन दोन-तीन जणांशीच निभावतात. दहा जणांना तेच आश्वासन दिले, तर कोणालाच पाळले जात नाही. तसेच रोज बोलण्याचे ठरवू नये. नवी नोकरी, नवी भाषा आणि घर शोधण्याची धावपळ यांत ते पहिल्याच महिन्यात मोडते. कमी ठरवून ते पाळलेले बरे. आणि मेसेज पाठवला म्हणून भेट टाळू नये. उदाहरणातला मेसेजही आधी वेण्णा लेकवर भेटायचे ठरवतो आणि मगच पुढच्या फोनचे बोलतो.