कर : प्रगतिशील, प्रमाणशीर व प्रतिगामी

उत्पन्न वाढेल तसा त्यातून कराकडे जाणारा हिस्साही वाढत गेला, तर तो कर प्रगतिशील. हिस्सा सारखाच राहिला, तर प्रमाणशीर. घटत गेला, तर प्रतिगामी. हिशेब रकमेचा नसून टक्क्यांचा असतो. श्रीमंताने जास्त रुपये भरले एवढ्यावरून कर प्रगतिशील ठरत नाही.

प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष ही विभागणी वेगळी आहे. सरकारकडे कर भरायची जबाबदारी ज्याची, त्याच्याच खिशाला तो बसला तर तो प्रत्यक्ष. दुसऱ्यावर ढकलता आला तर अप्रत्यक्ष. 236 रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये 18 टक्के दराने 36 रुपये जीएसटी असतो. भरणा कंपनी करते, भार ग्राहकावर पडतो. महिना 15,000 कमावणाऱ्याला आणि दीड लाख कमावणाऱ्याला हे 36 रुपये सारखेच; पण पहिल्याच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा दुसऱ्याच्या दहापट भरतो.

आयकर प्रत्यक्षही आहे आणि प्रगतिशीलही. 2025-26च्या नव्या करप्रणालीत वार्षिक 20 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर, उपकर सोडून, 2 लाख म्हणजे 10 टक्के कर येतो. 24 लाखांवर 3 लाख, म्हणजे साडेबारा टक्के. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेलाच लागतो. भागीदारी संस्थेला मात्र पहिल्या रुपयापासून सरसकट 30 टक्के कर आहे. एक कोटीच्या पुढचा अधिभार आणि उपकर वगळले, तर तो प्रमाणशीर कराचा सरळ नमुना होय.

प्रत्यक्ष कर म्हणजे गरिबाला हलका, असे अनेकजण गृहीत धरतात. महाराष्ट्रातला व्यवसाय कर हा समज खोडून काढतो. 1975च्या कायद्याने आलेला हा कर रोजगार हमी योजनेच्या निधीशी जोडलेला होता. महिना 10,000 रुपयांहून जास्त पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. 15,000 पगारवाल्याच्या वार्षिक कमाईतला हा सुमारे 1.4 टक्के हिस्सा. दोन लाख पगारवाल्याच्या कमाईतला जेमतेम 0.1 टक्का. हा कर पगारपत्रकावर थेट दिसतो, कोणावर ढकलता येत नाही, तरीही 10,000 रुपयांपुढच्या पगारांवर तो प्रतिगामी आहे.

याचे कारण राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 276 ने या कराला वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. 1988 साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती 250 वरून 2,500 रुपये झाली. त्यामुळे जास्त पगारवाल्यांकडून अधिक घेणे राज्याच्या हातात नाही. कमी पगारवाल्यांना वगळणे मात्र आहे. 2023पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्राने या करातून मुक्त केले. तेवढ्याच पगाराच्या पुरुषांनाही ही सूट मिळायला हवी.