एकाच वायफायवर दोन लॅपटॉप, मग तीच फाईल दोनदा डाऊनलोड का होते?

समजा, ठाण्यात माजिवड्याच्या एका सोसायटीतलं घर आहे. ५० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, हॉलमध्ये राउटर आणि दोन लॅपटॉप, एक ताईचा आणि एक दादाचा. नुकतंच घरात लग्न झालंय. फोटोग्राफरने फोटो आणि व्हिडिओचं ८ जीबीचं फोल्डर ड्रॉपबॉक्सवर शेअर केलंय. (मोफत खात्यात फक्त २ जीबी जागा मिळते, त्यामुळे या घरात पैसे भरून घेतलेलं खातं आहे असं धरू.)

ताईच्या लॅपटॉपवर फोल्डर उतरायला जवळपास २१ मिनिटं लागली. मग दादाने आपला लॅपटॉप उघडला, तर त्याच्याकडेही तीच २१ मिनिटं दिसायला लागली. ताई समोरच्याच सोफ्यावर बसलेली, फाईल तिच्याकडे पूर्ण आलेली, वायफायही तेच. तरी दादाचा लॅपटॉप तीच फाईल पुन्हा लांबच्या सर्व्हरवरून का मागवतोय?

राउटर काही साठवून ठेवत नाही

आपण "एकाच नेटवर्कवर आहोत" म्हणतो, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की फाईल एकदा घरात आली की ती सगळ्यांना मिळेल. पण राउटर म्हणजे घरातलं कपाट नाही. तो सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा आहे. पार्सल कोणत्या फ्लॅटचं आहे ते बघतो आणि आत सोडतो. पार्सलमध्ये काय होतं हे त्याला कळत नाही, आणि त्याची एक प्रत तो स्वतःजवळ ठेवतही नाही.

एके काळी हे थोडं वेगळं होतं. इंटरनेट महाग आणि संथ असताना कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्विडसारखं प्रॉक्सी सॉफ्टवेअर लावलेलं असायचं. एकाने एखादी फाईल उतरवली की ती त्या प्रॉक्सीत राहायची, आणि दुसऱ्याने मागितली की तिथूनच मिळायची. हे चालायचं, कारण तेव्हा बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर होत्या आणि मधल्या यंत्राला सगळं वाचता यायचं. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद असतं. ताईच्या लॅपटॉपची किल्ली वेगळी आणि दादाच्या लॅपटॉपची वेगळी. एकच फोटो दोघांकडे जाताना राउटरला दोन पूर्णपणे वेगळे, न वाचता येणारे प्रवाह दिसतात. त्यामुळे राउटरमध्ये साठवायची सोय असती, तरी ती इथे उपयोगी पडली नसती.

दुसरं कारण ॲपचं. क्लाउड स्टोरेजची ॲप्स मुळात फक्त सर्व्हरशी बोलायला बनवलेली असतात. दादाच्या लॅपटॉपला सर्व्हर सांगतो की नवं फोल्डर आलंय, आणि तो ते सर्व्हरकडूनच घेतो. शेजारच्या लॅपटॉपवर तेच पडलंय का, हे विचारण्याची पद्धत ॲपमध्ये मुद्दाम घालावी लागते. त्या पद्धतीलाच लॅन सिंक म्हणतात.

लॅन सिंक नेमकं काय करतं?

ड्रॉपबॉक्सच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. तिची पद्धत समजली की ती कधी चालणार आणि कधी नाही, हे आपोआप कळतं.

ड्रॉपबॉक्स प्रत्येक फाईलचे जास्तीत जास्त ४ एमबीचे तुकडे करतं. म्हणजे आपलं ८ जीबीचं फोल्डर साधारण दोन हजार तुकड्यांचं झालं. प्रत्येक तुकड्याला त्यातल्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा असतो, त्या तुकड्याचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. दादाच्या लॅपटॉपला सर्व्हर आधी फक्त या ठशांची यादी पाठवतो. ही यादी अगदी छोटी असते.

दुसरीकडे, लॅन सिंक चालू असलेला प्रत्येक कॉम्प्युटर ठरावीक वेळाने घरच्या नेटवर्कवर एक हाक मारत असतो: मी इथे आहे, माझ्याकडे अमुक फोल्डर आहेत. दादाचा लॅपटॉप ती हाक ऐकतो, ताईच्या लॅपटॉपशी थेट जोडणी करतो आणि यादीतला एकेक तुकडा आधी तिच्याकडे मागतो. मिळाला तर ठसा जुळवून ठेवून देतो, नाही मिळाला तर तेवढा तुकडा इंटरनेटवरून आणतो.

मग त्याच वायफायवर आलेला पाहुणाही फोटो घेऊ शकेल का? नाही. ही जोडणी कुलूपबंद असते, आणि ज्याच्या खात्यात ते फोल्डर आहे त्यालाच ड्रॉपबॉक्सच्या सर्व्हरकडून किल्ली मिळते. खाती वेगळी असली तरी चालतं, फक्त फोल्डर दोघांसोबत शेअर केलेलं हवं.

ही सोय ॲपच्या `Preferences` मध्ये `Bandwidth` या भागात `Enable LAN sync` नावाने दिसते. दोन्ही लॅपटॉपवर खूण हवी. मोबाईल ॲपला आणि ब्राउझरला मात्र याचा फायदा मिळत नाही.

वेळ खरंच वाचतो का?

इथे एक गंमत आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. ८ जीबी म्हणजे साधारण ६४,००० मेगाबिट. ५० एमबीपीएसने भागलं की १,२८० सेकंद, म्हणजे ती २१ मिनिटं.

आता दोन्ही लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहेत आणि प्रत्यक्षात ३०० एमबीपीएस वेग मिळतोय असं धरू. फाईल ताईच्या लॅपटॉपवरून राउटरकडे जाते आणि तिथून दादाकडे येते. म्हणजे तोच डेटा त्याच हवेतून दोनदा जातो आणि वेग साधारण निम्मा होतो. १५० एमबीपीएसने सुमारे ७ मिनिटं. चांगलाच फायदा झाला.

पण दोघं आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवर असतील, शेजारच्या दहा-बारा घरांची वायफाय नावं तिथे दिसत असतील आणि प्रत्यक्ष वेग ४० एमबीपीएसच असेल, तर? निम्मे झाले २०. त्या वेगाने ५३ मिनिटं! इंटरनेटवरून आणणं याहून जलद झालं असतं. डेटा वाचेल, वेळ नाही. ज्यांच्याकडे डोंगल किंवा रोजच्या १.५ जीबीचा मोबाईल प्लॅन आहे त्यांना तेवढंही पुरेसं आहे, पण फायबरवाल्याने या कामापुरते दोन्ही लॅपटॉप केबलने राउटरला जोडावेत. गिगाबिट पोर्ट असेल तर केबलला हे काम एक-दीड मिनिटाचं आहे. मग वेळ लागलाच तर तो लॅपटॉपच्या डिस्कमुळे. स्वस्त राउटरची पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचीच असतात, तिथे ११ मिनिटं धरा.

खूण केली, तरी चालत नाही

आपल्याकडच्या घरांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दोन राउटर. कंपनीचा डबा हॉलमध्ये, आणि बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून दुकानातून आणलेला दुसरा राउटर, त्या डब्यातून ओढलेल्या केबलवर. दोन्हीकडे इंटरनेट छान चालतं, कधी कधी वायफायचं नावही एकच ठेवलेलं असतं. पण आतून ती दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात. लॅन सिंकची हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे बेडरूममधल्या दादाला हॉलमधली ताई दिसतच नाही. आणि ॲप कुठलीही चूक दाखवत नाही, गुपचूप इंटरनेटवरून डाऊनलोड करत राहतं.

हे ओळखायला दोन्ही लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्यावी:

```
ipconfig
```

त्यातल्या `IPv4 Address` या ओळी शेजारी ठेवून बघा. एकीकडे `192.168.1.5` आणि दुसरीकडे `192.168.1.7` असेल तर घरच्या नेहमीच्या मांडणीत दोघं एकाच नेटवर्कवर आहेत. एकीकडे `192.168.1.5` आणि दुसरीकडे `192.168.0.12` असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर मधे दुसरा राउटर आहे. त्या राउटरच्या सेटिंगमध्ये `Access Point` मोड निवडला की दोन्ही नेटवर्क एक होतात.

आकडे जुळूनही काम होत नसेल तर वायफाय `Guest` नावाचं आहे का बघा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर सहसा एका उपकरणाला दुसरं दिसू दिलं जात नाही. तसंच विंडोजमध्ये घरचं वायफाय `Public network` म्हणून नोंदलं असेल तर फायरवॉल ही हाक अडवू शकतो, तिथे `Private network` निवडावं. ताईचा लॅपटॉप झोपलेला नसावा, आणि तिच्याकडे फोल्डर `Online-only` नसावं. त्या स्थितीत तिच्याकडे फक्त नाव असतं, फाईल नसते, मग ती देणार काय?

खात्री करायची असेल तर डाऊनलोड सुरू असताना दादाच्या लॅपटॉपवर हे द्या:

```
netstat -n | findstr 17500
```

१७५०० हा ड्रॉपबॉक्सच्या लॅन सिंकचा पोर्ट आहे. उत्तरात ताईच्या लॅपटॉपचा पत्ता आणि त्यापुढे `17500` दिसलं तर जोडणी थेट आहे. याहून सोपी खूण म्हणजे दोन्हीकडे टास्क मॅनेजर उघडणं. दादाकडे डेटा येत असताना ताईकडे तेवढ्याच वेगाने डेटा बाहेर जाताना दिसला पाहिजे. ताईचा लॅपटॉप शांत असेल तर सगळं इंटरनेटवरूनच चाललंय.

नेट गेलं तर?

रस्ता खोदताना केबल तुटली आणि दिवसभर नेट नाही, हे घोडबंदर रोडच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अशा दिवशी घरातल्या घरात फाईल जाईल, ही अपेक्षा ड्रॉपबॉक्सकडून ठेवू नये. तुकड्यांची यादी आणि किल्ल्या सर्व्हरकडूनच येतात, त्यामुळे नेट नसेल तर लॅन सिंकही बसून राहतं. तसंच ताईने स्वतः नवी फाईल टाकली तर तिचं अपलोड वाचत नाही, वाचतं ते दुसऱ्या लॅपटॉपचं डाऊनलोड.

नेटशिवाय काम हवं असेल तर सिंकथिंग हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मधला क्लाउडच नाही. दोन कॉम्प्युटरची एकदा ओळख करून दिली की एका नेटवर्कवर असताना ते थेट देवाणघेवाण करतात. पण दोन्ही एकाच वेळी चालू असावे लागतात, आणि एकाने फाईल पुसली की दुसरीकडूनही जाते, म्हणून त्याला बॅकअप समजू नये.

गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या ॲपमध्ये लॅन सिंक नाही. तिथे मोठं फोल्डर असेल तर पेन ड्राइव्ह हाच जवळचा रस्ता. विंडोज अपडेटसाठी मात्र अशीच सोय विंडोज १० पासून आहे. सेटिंगमध्ये `Delivery Optimization` उघडून `Devices on my local network` निवडलं की एका कॉम्प्युटरने उतरवलेलं अपडेट दुसऱ्याला घरातूनच मिळू शकतं, आणि त्याच पानावरच्या `Activity monitor` मध्ये किती टक्के घरातून आलं हेही दिसतं. गेम खेळणाऱ्यांसाठी स्टीमने २०२३ मध्ये हेच सुरू केलं. तिथे एकेक गेम ५०-१०० जीबीचा असतो, त्यामुळे दोन भावंडांच्या घरात फरक पहिल्याच दिवशी दिसतो.