तो चेक कुणाचा?

1808 साली लंडनमध्ये एका नवऱ्याने घोडागाडीच्या मालकांवर दावा लावला. गाडी उलटून त्याची बायको जबर जखमी झाली होती आणि साधारण महिन्याभराने वारली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला सांगितलं की भरपाई मोजायची ती बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांची, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात नुकसान म्हणून मांडता येणारी गोष्टच नाही. 'बेकर विरुद्ध बोल्टन' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल अमेरिकेतल्या कोर्टांनीही उचलला. म्हणजे माणूस जायबंदी झाला तर पैसे द्यावे लागत, मेला तर सुटका!

पुढे रेल्वे आली आणि हे उघडउघड अन्यायाचं दिसू लागलं. इंग्लंडने 1846 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांचा कायदा केला आणि बायको, नवरा, आईवडील व मुलं अशी यादीच त्यात घातली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने तसाच कायदा केला, पण यादीच्या जागी शब्द आले 'विधवा आणि जवळचे वारस', आणि पैसा 'केवळ त्यांच्या लाभासाठी'. या छोट्या फरकाकडे माझं लक्ष गेलं ते जुने कायदे शेजारी ठेवून वाचताना. 'केवळ' या शब्दामुळे मृताच्या सावकारांना बाहेर ठेवलं गेलं. पण लाभ घेणारी माणसं वारसाहक्काच्या कायद्यातून उचलली गेली. म्हणजे पैसा इस्टेटीचा नाही, पण माणसांची यादी मात्र इस्टेटीचीच.

आजही न्यूयॉर्कमध्ये हा सांगाडा तसाच आहे, आणि आपल्यासारख्या घरांना तो कुठे बोचतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. क्वीन्समध्ये राहणारा एक मराठी इंजिनिअर रस्ता ओलांडताना ट्रकखाली येतो आणि दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये जातो. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. साताऱ्यात आईवडील, ज्यांचं घर त्याने दरमहा पाठवलेल्या पैशावर चालतं.

दावा बायको स्वतःच्या नावाने लावू शकत नाही. सरोगेट कोर्टाने नेमलेला मृताचा प्रतिनिधी तो लावतो, आणि मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. प्रतिनिधी इस्टेटीचा म्हणून सगळे पैसेही इस्टेटीचे, असा समज इथूनच सुरू होतो. खरं तर एका दाव्यात दोन दावे असतात. पहिला, त्या दोन दिवसांत शुद्धीत असताना त्याने सोसलेल्या वेदनांचा. तो त्याचाच हक्क होता, म्हणून ती रक्कम इस्टेटीत जाते. दुसरा, त्याच्या जाण्याने वारसांचं जे आर्थिक नुकसान झालं त्याचा. ती रक्कम इस्टेटीला शिवत नाही. त्यामुळे अँब्युलन्स आणि हॉस्पिटलच्या नोंदींना महत्त्व येतं. तो बोलत होता का, हाक मारल्यावर डोळे उघडत होता का? मृत्यू जागीच झाला असता तर पहिल्या दाव्यात फारसं काही उरलं नसतं.

समजा वकिलाची फी वजा जाता 7 लाख डॉलर हाती आले. कोर्टाने 1 लाख वेदनांचे आणि 6 लाख मृत्यूच्या नुकसानीचे ठरवले. त्याच्यावर 80 हजारांचं कर्ज होतं. ते त्या 1 लाखातून फिटेल आणि उरलेले 20 हजार मृत्युपत्राप्रमाणे जातील. 6 लाखांना सावकार हात लावू शकत नाही. मृत्युपत्रात 'सगळं माझ्या भावाला' असं लिहिलेलं असलं, तरी या रकमेवर त्याचा काही परिणाम नाही.

हे 6 लाख कोर्ट प्रत्येकाच्या आर्थिक नुकसानीच्या प्रमाणात वाटतं. त्यासाठी बऱ्याचदा अवलंबून राहण्याची वर्षं मोजतात. मुलीची 21 व्या वर्षापर्यंतची 17 वर्षं, बायकोची अपेक्षित आयुष्याची समजा 43, एकूण 60. मुलीला 1 लाख 70 हजार, बायकोला 4 लाख 30 हजार.

आणि आईवडिलांना? शून्य. मूल असताना न्यूयॉर्कच्या वारसाहक्कात आईवडील बसत नाहीत, मग ते कितीही अवलंबून असोत. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की मूल नसतं, फक्त बायको असती, तर कायद्याने त्यांना मुद्दाम वारस मानलं असतं.

हाच अपघात साताऱ्यात झाला असता तर? भारतात 1855 पासून प्राणघातक अपघातांचा कायदा आहे, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी केलेला. त्याने कॅम्पबेल यांची यादी तशीच घेतली आणि आईवडील नावानिशी आले. त्याच दाव्यात इस्टेटीचं नुकसानही मागण्याची सोय वेगळ्या कलमात ठेवली. गंगेच्या काठी बसून ब्रिटिशांनी केलेला कायदा या एका बाबतीत हडसनकाठच्या कायद्यापेक्षा आपल्या घरांना जास्त ओळखतो, असं मला वाटतं.

अमेरिकेत सगळीकडे न्यूयॉर्कसारखं नाही. कॅलिफोर्नियात बायको आणि मुलं असली तरी अवलंबून असलेले आईवडील दावा करू शकतात. मात्र मुलाने अधूनमधून पाठवलेली भेट पुरत नाही. त्याच्या पैशावर त्यांच्या अन्न, घर, औषधं यांसारख्या गरजा भागत होत्या हे दाखवावं लागतं. तिथे दरमहा साताऱ्याला गेलेल्या रकमेच्या बँकेतल्या नोंदी आणि तिकडच्या औषधांची बिलं हाच पुरावा.