पिशवीचा हिशेब: गोव्यातील दुकानदार प्लास्टिकऐवजी काय वापरतात, किती खर्च येतो आणि का

एकदाच वापरून फेकून देण्याच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ताटे, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, आइस्क्रीम व फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्याभोवतीचे पातळ वेष्टन या वस्तू त्या यादीत येतात. हातात धरून न्यायच्या पिशवीचा नियम मात्र वेगळा आहे. तिच्यावर सरसकट बंदी नसून जाडीची अट आहे. ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन अशी ही अट टप्प्याटप्प्याने वाढत गेली. म्हापसा, पणजी, मडगाव वा फोंड्याच्या बाजारातील दुकानदाराचे गणित बदलले ते मुख्यतः या अटीमुळे.

जाडी वाढली की वजन वाढते

पिशव्या घाऊक बाजारात किलोवर विकल्या जातात, म्हणून दुकानदाराच्या दृष्टीने जाडी म्हणजे वजन आणि वजन म्हणजे पैसा. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशी साधी पिशवी घेऊ. २० मायक्रॉन जाडीची असेल तर तिचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरते. तीच १२० मायक्रॉनची केली की वजन सहापट, म्हणजे सुमारे साडेसव्वीस ग्रॅम होते.

भाव ठिकाणानुसार व हंगामानुसार बदलतो. हिशेबापुरता तो किलोला १५० रुपये धरला, तर पातळ पिशवी ६५ ते ७० पैशांना पडते आणि नियमात बसणारी चार रुपयांना. दिवसाला शंभर पिशव्या देणाऱ्या किराणा दुकानदाराचा रोजचा खर्च ६५-७० रुपयांवरून ४०० रुपयांवर जातो. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर पूर्वीचे सुमारे १,७०० रुपये आता १०,४०० रुपये होतात. किराण्याच्या किरकोळ नफ्यातून एवढी रक्कम फुकट देणे कोणालाच परवडत नाही. म्हणून दुकानदारापुढे तीनच वाटा उरतात: पिशवीचे पैसे घेणे, गिऱ्हाइकाला घरून पिशवी आणायला सांगणे, किंवा नियम मोडून पातळ पिशवी चोरून देत राहणे. बाजारात तिन्ही वाटा चालतात.

कापडासारखी दिसते, पण कापड नव्हे

कपड्यांच्या व भेटवस्तूंच्या दुकानांत रंगीत, मऊ, जाळीदार पोताची पिशवी मिळते. तिला नॉन-वोव्हन पिशवी म्हणतात. अनेक दुकानदार ती कापडी समजूनच विकत घेतात, पण ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून ती तयार होते. ३० सप्टेंबर २०२१ पासून तिलाही अट लागू आहे: एका चौरस मीटरचे वजन किमान ६० ग्रॅम हवे.

ही अट दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरच तपासता येते. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर होते, म्हणजे नुसत्या पिशवीचेच वजन १४ ग्रॅमच्या वर हवे. बंद असतील तर त्याहून जास्त. दहा पिशव्या एकत्र तोलल्या आणि काटा १४० ग्रॅमच्या बराच खाली थांबला, तर विक्रेत्याने काहीही सांगितले तरी माल नियमाबाहेरचा आहे. अशी हलकी पिशवी दोन-चार वापरांत शिवणीजवळ उसवते आणि तिचे तंतू झडू लागतात. खऱ्या सुती पिशवीत उभे-आडवे धागे डोळ्यांना दिसतात व कडेचा धागा ओढला की सुटून येतो. नॉन-वोव्हनमध्ये तसा धागा मिळत नाही.

‘विघटनशील’ असे छापले म्हणून

मक्याच्या स्टार्चसारख्या पदार्थांपासून केलेल्या कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला जाडीची अट लागू नाही. मात्र ती ‘आयएस/आयएसओ १७०८८’ या मानकात बसलेली हवी आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र हवे. नुसते ‘पर्यावरणपूरक’ वा ‘विघटनशील’ एवढेच छापलेले असेल तर दुकानदाराने प्रमाणपत्राची प्रत मागावी.

दर जास्त असूनही काही दुकानदार ती घेतात, कारण ती हाताळायला पूर्वीच्या पातळ पिशवीसारखीच असते. तिची अडचण साठवणीत आहे. दमट हवेत व उष्णतेत ती महिनोन्‌महिने पडून राहिली की कमकुवत होते, म्हणून गोव्याच्या पावसाळ्यापूर्वी वर्षभराचा साठा करून ठेवणे तोट्याचे ठरते. शिवाय ती पूर्ण विरघळायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. ओहोळात वा किनाऱ्यावर पडली तर ती साध्या प्लास्टिकसारखीच दीर्घकाळ राहू शकते.

जसा माल, तसा पर्याय

एकच पर्याय सर्वांना का चालत नाही, हे मालाच्या ओलाव्यावरून कळते. डाळ, साखर, रवा अशा कोरड्या मालाला कागदी पिशवी पुरते. भाजीवाल्याला ती पुरत नाही, कारण पाणी शिंपडलेल्या पालेभाजीने तळ सुटतो. मासळी विकणाऱ्या बायांची अडचण सर्वांत मोठी. मासळीचे पाणी कागदातून व कापडातून गळते. पूर्वी ती केळीच्या वा सागाच्या पानांत बांधून दिली जाई. आज तिथे खात्रीने चालणारा पर्याय एकच, गिऱ्हाइकाचा स्वतःचा डबा. पातळ पिशवी मासळी बाजारात सर्वांत चिवटपणे टिकून आहे, याचे कारण हेच.

भजी, पाव, फरसाण वर्तमानपत्रात बांधणे स्वस्त पडते, पण अन्नवेष्टनाच्या २०१८ च्या नियमांनुसार ते चालत नाही. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये, विशेषतः गरम व तेलकट पदार्थांत, उतरू शकतात. चहाच्या कागदी कपालाही आतून सहसा पॉलिथिलीनचा पातळ थर असतो, नाहीतर कागद भिजला असता. टपरीवर काचेचा ग्लास हाच स्वस्त पर्याय, मात्र धुण्याचे पाणी व एक माणूस हाताशी हवा.

पोफळीच्या विरीच्या पत्रावळीचा कच्चा माल गोव्यातच आहे. गळून पडलेली विरी धुऊन, भिजवून, तापलेल्या साच्यात दाबली की ताट तयार होते. तिला गरम आमटी व रस्सा सोसतो. तिचा शत्रू म्हणजे पावसाळी ओल. नीट न वाळवलेल्या मालावर बुरशी धरते. विकत घेताना गठ्ठ्याच्या मधली दोन ताटे काढून वास घ्यावा व काळे ठिपके पाहावेत, कारण बुरशी बहुधा आतून सुरू होते.

कापडी पिशवी कधी परवडते?

सुती पिशवीची किंमत २५ रुपये धरू. ६५ पैशांच्या पिशवीशी तुलना केली तर ती किमान ३९ वेळा वापरली गेली तरच फिटते. एवढा धीर गिऱ्हाइकाला नसतो आणि दुकानदारालाही नसतो. चार रुपयांच्या पिशवीशी तुलना केली तर मात्र सातव्या वापरालाच ती स्वस्त ठरते. कापडी पिशवी पूर्वीही होतीच; जाडीच्या अटीने ती हिशेबात बसवली.

म्हणून काही दुकानदार अनामत घेतात. गिऱ्हाइकाने २५ रुपये ठेवावेत, पिशवी न्यावी आणि धुऊन परत आणली की पैसे घ्यावेत. पिशवी परत आली नाही तरी दुकानदाराची किंमत वसूल झालेली असते. ही पद्धत रोजच्या गिऱ्हाइकांच्या वाड्यावरील दुकानात चालते. पर्यटक गिऱ्हाईक अधिक असलेल्या किनारी भागात पिशवी परतच येत नाही, तेथे ती सरळ विकणेच योग्य.

या साऱ्या हिशेबाला एकच गोष्ट उलटवते: शेजारच्या दुकानात पातळ पिशवी फुकट मिळणे. तशी ती मिळाली की चार रुपये मागणारा दुकानदार गिऱ्हाइकाला महागडा वाटतो आणि नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते. प्लास्टिकच्या पिशवीबाबत उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक व जाडी ही माहिती देणे बंधनकारक आहे. ज्या पिशवीवर यातले काहीच छापलेले नाही, ती घाऊक विक्रेत्याकडून घेतानाच नाकारता येते. तपासणी किरकोळ दुकानाच्या गल्ल्यापाशी न थांबता घाऊक गोदामापर्यंत गेली, तरच सातव्या वापराचे हे गणित साऱ्या बाजाराला सारखे लागू होईल.