लासो: एका फासाची कुळकथा

संशोधकांचे मसुदे वाचताना एक वाक्य मला वारंवार भेटतं: ‘चलांची निवड लासो रिग्रेशनने केली, लॅम्डाचे मूल्य क्रॉस-व्हॅलिडेशनने ठरवले.’ वाक्यात चूक काही नाही. पण ज्याला फक्त साधी लघुतम वर्ग पद्धत ठाऊक आहे तो वाचक इथेच अडतो. हा लॅम्डा कोण, आणि मध्येच कुठून उपटला? गंमत म्हणजे लासोच्या मूळ लेखाची सुरुवात लॅम्डाने होतच नाही. जन्माच्या वेळची त्याची भाषा आजच्यापेक्षा सोपी होती.

आधी त्याचे पूर्वज. साध्या पद्धतीत चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सहगुणक निवडायचे, बस. पण दोन चल एकमेकांसारखेच वागू लागले की सहगुणक झोकांड्या खातात: एक भलताच मोठा, दुसरा उलट्या चिन्हाचा. 1970 साली आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांनी यावर रिज रिग्रेशन सुचवलं. चुकांच्या वर्गांच्या बेरजेत सहगुणकांच्या वर्गांची बेरीजही दंड म्हणून धरायची. सहगुणक आक्रसतात, स्थिर होतात, पण शून्य कुणीच होत नाही. आठ चल घातले तर आठही बाहेर येतात.

1995 मध्ये बर्कलीच्या लिओ ब्रायमन यांनी दुसरी वाट काढली. साध्या पद्धतीने सहगुणक काढायचे, मग प्रत्येकाला एका ऋण नसलेल्या आकड्याने गुणायचं आणि त्या आकड्यांच्या बेरजेवर मर्यादा घालायची. मर्यादा आवळली की काही आकडे शून्य होतात आणि ते चल गळतात. ब्रायमननी नाव ठेवलं ‘गॅरोट’, म्हणजे स्पेनमध्ये देहदंडासाठी वापरायचं गळा आवळण्याचं साधन. खोड एकच: सुरुवातीला साध्या पद्धतीचं उत्तर हातात हवं. निरीक्षणांपेक्षा चल जास्त असले तर ते एकच एक असं मिळत नाही.

तेव्हा टोरांटो विद्यापीठात असलेल्या रॉबर्ट टिबशिरानींनी ही मधली पायरीच काढून टाकली. मर्यादा थेट सहगुणकांवर घातली. त्यांचा लेख 1996 साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लासो हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव असलं तरी त्याचा अर्थ गुरं पकडायचा दोरीचा फास. गळा आवळणारं यंत्र जाऊन दावं आलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्या लेखातली मांडणी अशी: चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा, पण

Σ|βⱼ| ≤ t

ही अट पाळून. म्हणजे चिन्ह विसरून सगळ्या सहगुणकांची बेरीज t या रकमेपुढे जाता कामा नये. घरखर्चाला ठरावीक रक्कम हातात ठेवल्यासारखंच हे. t भरपूर असेल तर उत्तर साध्या पद्धतीचंच येतं.

टिबशिरानींनी लेखात घेतलेलं उदाहरण आजही पाठ्यपुस्तकांत असतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे 97 रुग्ण, आठ चल, आणि अंदाज करायचा तो रक्तातल्या पीएसएच्या लॉगॅरिदमचा. साध्या पद्धतीचे सहगुणक, चिन्ह सोडून, असे आले: गाठीचं आकारमान 0.69, ग्रंथीचं वजन 0.23, वय 0.15, ग्रंथीची साधी वाढ 0.16, वीर्याशयात शिरकाव 0.32, आवरणाबाहेर फैलाव 0.15, ग्लीसन गुण 0.03 आणि ग्लीसन श्रेणी 4-5 ची टक्केवारी 0.13. बेरीज 1.86. लासोने यातले तीनच ठेवले: आकारमान 0.56, वजन 0.10, शिरकाव 0.16. बेरीज 0.82, म्हणजे मूळ बेरजेच्या 44 टक्के.

आता वजाबाकी करून पाहा. आकारमानाचे 0.13 गेले, वजनाचे 0.13, शिरकावाचे 0.16. आणि जे पाच शून्य झाले त्यांच्यातला सर्वांत मोठा 0.16 होता. जणू प्रत्येकाकडून जवळपास सारखीच पट्टी वसूल केली. ज्याच्याकडे तेवढं नव्हतं तो यादीतून गेला. चल परस्परांशी मुळीच निगडित नसते तर ही कपात अगदी समान असती. इथे ते थोडेफार निगडित आहेत, म्हणून उन्नीस-बीस.

रिजमध्ये असं का होत नाही? 0.02 चा सहगुणक शून्यावर आणला तर वर्गांच्या हिशेबात 0.0004 वाचतात, म्हणजे काहीच नाही. 0.69 चा 0.67 केला तर 0.027 वाचतात. म्हणून रिज मोठ्यांना दाबतं आणि लहानांना फारसा हात लावत नाही. लासोच्या हिशेबात दोन्हीकडे वाचतात ते 0.02 च. लहानाला सूट नाही.

हा हिशेब आकड्यांच्या आकारावर चालतो, म्हणून एकक महत्त्वाचं. साध्या पद्धतीत वय वर्षांत घ्या की महिन्यांत, अंदाज तोच येतो. लासोत महिन्यांतल्या वयाचा सहगुणक बारावा हिस्सा होतो, त्यावरचा दंडही तेवढाच घटतो, आणि निवड बदलू शकते. म्हणून आधी सगळे चल एकाच प्रमाणात आणायचे. मूळ लेखातही तसंच केलं आहे. स्थिरपदाला दंड नसतो.

मग लॅम्डा कुठला? रक्कम ठरवण्याऐवजी दर ठरवला तर तो लॅम्डा: चुकांच्या वर्गांच्या बेरजेत λΣ|βⱼ| मिळवायचं. प्रत्येक t ला जुळणारा λ असतो. λ वाढला की t घटतो. गणकाला दर सोयीचा, वाचकाला रक्कम. तो किती ठेवायचा हे मात्र विदाच सांगते: निरीक्षणांचे दहा गट करायचे, नऊंवर प्रतिमान बसवून दहाव्यावर चूक मोजायची, आणि असं प्रत्येक गटासाठी करायचं. ज्या दराला एकूण चूक सर्वांत कमी, तो ठेवायचा.

सुरुवातीची काही वर्षं या लेखाकडे फारसं लक्ष गेलं नाही, असं टिबशिरानींनीच नंतर लिहिलं. गणितही सावकाश सुटायचं. 2004 मध्ये एफ्रन, हेस्टी, जॉनस्टन आणि टिबशिरानी यांनी लासोची सगळी उत्तरं एका वाटेने काढून देणारी रीत आणली, आणि 2010 मध्ये `glmnet` या आर-पॅकेजवरचा लेख आला. मग लासो सगळीकडे झाला, आणि त्याबरोबर एक वाईट सवयही पसरली.

ती अशी: लासोने निवडलेले चल घ्यायचे, त्याच विदेवर साधं रिग्रेशन पुन्हा चालवायचं आणि पी-मूल्यं छापायची. ती मूल्यं खोटी पडतात, कारण चल आधीच त्याच विदेत चमकले म्हणून निवडले गेले आहेत. दुसरी गफलत म्हणजे ‘शून्य आला, म्हणजे संबंध नाही’ असं लिहिणं. दोन जुळे चल असले तर लासो बहुधा एकालाच ठेवतो, आणि कुणाला हे किरकोळ कारणाने ठरतं. निवड कितपत पक्की आहे हे ओळखायचं असेल तर निरीक्षणांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून लासो चालवा. एखादा चल निम्म्याच वेळा निवडला जात असेल तर त्याच्यावर निष्कर्ष उभारू नका.

तेव्हा तुमच्या पद्धती विभागात ते वाक्य असेल तर त्याच्या जागी असं काही लिहून पाहा: ‘साध्या रिग्रेशनप्रमाणेच चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी केली, मात्र सहगुणकांच्या केवल मूल्यांच्या बेरजेवर मर्यादा ठेवली. त्यामुळे सहगुणक लहान होतात आणि काही शून्य होतात. चल आधी समान प्रमाणात आणले. मर्यादा दहा गटांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनने ठरवली. उरलेले सहगुणक मुद्दाम आक्रसलेले आहेत आणि चल त्याच विदेवरून निवडलेले आहेत, म्हणून त्यांची पी-मूल्ये दिलेली नाहीत.’