‘ऑस्ट्रेलिया-कर’ : एका वर्गणीच्या किमतीचा इतिहास

एकच वस्तू दोन देशांत दोन किमतींना विकली जाणे ही व्यापाराच्या इतिहासात नवी गोष्ट नव्हे. जहाजभाडे, जकात, गोदाम यांकडे बोट दाखवून तिचे समर्थन करता येत असे. तारेवरून येणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र यांपैकी कशाचाच आधार उरत नाही. म्हणूनच अडोबी कंपनीच्या ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ या वर्गणीचे ऑस्ट्रेलियातील प्रकरण अभ्यसनीय ठरते.

मे २०१२ मध्ये ही वर्गणी सुरू झाली. वर्षभराच्या करारावर अमेरिकेत तिचा मासिक दर ४९.९९ डॉलर होता, ऑस्ट्रेलियात ६२.९९ ऑस्ट्रेलियन डॉलर. त्या सुमारास दोन्ही चलनांचे मूल्य जवळजवळ समान होते. ऑस्ट्रेलियात छापील किमतीत दहा टक्के वस्तु-सेवा-कर अंतर्भूत असतो, अमेरिकेत विक्रीकर वेगळा लागतो. हा भेद वजा केला तरी सात डॉलरांहून अधिक अंतर शिल्लक राहते. ऑस्ट्रेलियन ग्राहकाची क्रयशक्ती मोठी आहे, तेव्हा तो अधिक देईल, एवढेच त्याचे कारण दिसते. गरीब देशात किंमत उतरविणारा न्याय येथे उलट दिशेने वापरला गेला.

लोकांनी या फरकाला ‘ऑस्ट्रेलिया-कर’ असे नाव दिले. भाषेच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कर सरकार घेते, आणि तो मान्य नसला तरी अधिकृत असतो. खाजगी कंपनीच्या दराला ‘कर’ म्हणताच, हा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हा प्रश्न त्या शब्दातच उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने जुलै २०१३ मधील आपल्या अहवालाच्या शीर्षकातच हा शब्द स्वीकारला.

तत्पूर्वी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, समितीने अडोबी, ॲपल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना साक्षीसाठी पाचारण केले होते. त्याच महिन्यात अडोबीने ऑस्ट्रेलियातील दर ४९.९९ वर आणला. आकडे जुळले आणि ग्राहकाला न्याय झाल्यासारखे वाटले.

परंतु जुळले ते आकडे, मूल्ये नव्हेत. सप्टेंबर २०१५ पर्यंत ऑस्ट्रेलियन डॉलर सुमारे ७० अमेरिकन सेंटांवर घसरला. त्या भावाने ४९.९९ म्हणजे जेमतेम ३५ अमेरिकन डॉलर. अमेरिकेतील मूल्य गाठावयाचे तर करावाचूनच ७१ च्या पुढे दर ठेवावा लागला असता. २०१२ मध्ये ज्याला लोक लूट म्हणत होते, तो ६२.९९ चा दर या भावाने अमेरिकेहून स्वस्त ठरला असता! तरीही तो पुन्हा लावणे सोपे नव्हते. दरमहा तीच रक्कम देणारा ग्राहक विनिमयदर पाहत नाही, मागील महिन्याची पावती पाहतो. आपले चलन वधारले की तो परदेशी किमतीशी तुलना करतो, आणि घसरले की स्वतःच्या जुन्या किमतीशी.