अस्थिरता निर्देशांक, शेअर बाजारातील

अस्थिरता निर्देशांक, शेअर बाजारातील : नजीकच्या तीस दिवसांत शेअरांच्या भावपातळीत किती चढउतार होतील, याविषयीची बाजाराची अपेक्षा विकल्प-करारांच्या (ऑप्शन) किमतींवरून काढून ती वार्षिक टक्केवारीत दर्शविणारा अंक. भाव वर जातील की खाली, हे तो सांगत नाही. हालचाल केवढी असेल एवढेच सांगतो. या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध निर्देशांक म्हणजे शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज या बाजाराचा ‘व्हिक्स’ होय.

इतिहास : विकल्प-कराराची वाजवी किंमत काढण्याचे सूत्र फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात लागणाऱ्या राशींपैकी भविष्यातील अस्थिरता तेवढी अज्ञात असते. त्यामुळे बाजारातील किंमत सूत्रात घालून उलट गणित केले, की त्या किमतीत गृहीत धरलेली अस्थिरता हाती येते. अशा अस्थिरतेचा निर्देशांक असावा, ही सूचना मेनाकेम ब्रेनर व डॅन गलाई यांनी १९८९ मध्ये केली. १९९३ मध्ये रॉबर्ट व्हेली यांनी शिकागोच्या बाजारासाठी पहिला व्हिक्स तयार केला. तो ‘एस अँड पी १००’ या शेअर-निर्देशांकावरील, चालू भावाच्या लगतच्या केवळ आठ विकल्प-करारांवर आधारलेला होता.

या पद्धतीत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे, तिचे उत्तर ब्लॅक-शोल्स सूत्राच्या गृहीतांवर अवलंबून होते. त्या सूत्रानुसार सर्व निर्धारित किमतींना (स्ट्राइक) एकच अस्थिरता लागू पडावयास हवी. परंतु ऑक्टोबर १९८७ च्या घसरणीनंतर, चालू भावाच्या बऱ्याच खालच्या किमतींचे विक्रयविकल्प (पुट) सूत्राच्या अपेक्षेपेक्षा महाग राहू लागले. घसरणीच्या भीतीचे हे मोल भावालगतच्या आठ करारांत दिसत नसे. दुसरी उणीव अशी, की एकाच निर्धारित किमतीचा करार भाव तिच्यापासून दूर सरकला, की अस्थिरतेला फारसा प्रतिसाद देत नाही. मात्र सर्व निर्धारित किमतींचे करार एकत्र घेऊन प्रत्येकाला त्याच्या निर्धारित किमतीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार दिला, तर त्या समूहाचा प्रतिसाद भावाच्या पातळीवर अवलंबून राहत नाही. हे तत्त्व १९९० च्या दशकात पीटर कार, दिलीप मदन प्रभृतींनी विकसित केले. गोल्डमन सॅक्स या संस्थेतील इमॅन्युएल डर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचे विवेचन केले आणि २००३ मध्ये शिकागोच्या बाजाराने त्यावर आधारलेली नवी पद्धती ‘एस अँड पी ५००’ या निर्देशांकासाठी स्वीकारली.

गणनपद्धती : प्रत्येक मुदतीसाठी पुढील सूत्र वापरतात :

σ² = (2/T) Σ (ΔK/K²) e^(RT) Q(K) − (1/T) (F/K₀ − 1)²

यात T हा मुदतीपर्यंतचा काळ वर्षांत, R हा व्याजदर, F ही मुदतीच्या दिवसासाठीची वायदा-पातळी, K ही निर्धारित किंमत, ΔK हे लगतच्या निर्धारित किमतींमधील अंतर व K₀ ही F इतकी किंवा तिच्या लगेच खालची निर्धारित किंमत होय. Q(K) म्हणजे खरेदीदाराने व विक्रेत्याने पुकारलेल्या भावांची सरासरी. प्रत्यक्ष सौदा झालेला असण्याची गरज नसते. K₀ च्या खाली विक्रयविकल्प, वर क्रयविकल्प (कॉल) आणि K₀ ला दोहोंची सरासरी घेतात. K₀ पासून दूर जाताना लागोपाठ दोन करारांना खरेदीदार आढळला नाही, की त्या बाजूची निवड तेथेच थांबते.

समजा, मुदत ३० दिवस, वायदा-पातळी १,००० व व्याजदर शून्य आहे. ८५०, ९०० व ९५० या विक्रयविकल्पांच्या किमती अनुक्रमे १, ३ व ९. १,००० ची किंमत २३. आणि १,०५० व १,१०० या क्रयविकल्पांच्या किमती ६ व १ आहेत. प्रत्येक किमतीला ५० या अंतराने गुणून निर्धारित किमतीच्या वर्गाने भागले, म्हणजे त्या कराराचा वाटा मिळतो. हे वाटे दशलक्षांशांत अनुक्रमे ६९, १८५, ४९९, १,१५०, २७२ व ४१ असे येतात. त्यांची बेरीज २,२१६ होते. तिला २/T ने, म्हणजे सु. २४·३३ ने, गुणले असता प्रचरण ०·०५३९ मिळते. त्याचे वर्गमूळ ०·२३२. म्हणून निर्देशांक २३·२. वायदा-पातळी व K₀ समान असल्याने सूत्रातील वजाबाकीचे पद येथे शून्य आहे. २३·२ हे वार्षिक प्रमाण विचलन असून तीस दिवसांसाठी ते सु. ६·७ टक्के होते. एकूण बेरजेत खालच्या तीन विक्रयविकल्पांचा वाटा एकतृतीयांशाहून किंचित अधिक, तर वरच्या दोन क्रयविकल्पांचा सातव्या हिश्शाइतकाच आहे. घसरणीच्या भीतीचे मोल या पद्धतीत अशा रीतीने उतरते.

प्रत्यक्षात नेमक्या तीस दिवसांची मुदत क्वचितच सापडते. म्हणून तीस दिवसांच्या अलीकडची व पलीकडची अशा दोन मुदतींची प्रचरणे काढून त्यांवरून तीस दिवसांचे मूल्य काढतात. दर आठवड्याला संपणारे करारही २०१४ पासून यासाठी घेतले जातात.

मर्यादा : पद्धतीचे बळ ज्या दूरच्या विक्रयविकल्पांत आहे, तेच तिचे दुबळे अंग होय. वरील उदाहरणात ८५० च्या करारास खरेदीदाराने ०·५ व विक्रेत्याने १·५ पुकारले होते आणि ९०० च्या करारास २ व ४, असे मानू. बाजार घाबरून विक्रेत्यांनी आपले भाव अनुक्रमे ३·५ व ८ केले आणि खरेदीदार जागेवरच राहिले, तर सरासऱ्या २ व ५ होतात आणि निर्देशांक २४·२ वर जातो. एकही सौदा न होता तो एक अंकाने वाढतो. शिवाय पूर्वी खरेदीदार नसलेल्या आणखी खालच्या करारांना भाव पुकारला गेला, तर तेही बेरजेत येतात व वाढीत भर पडते.

५ ऑगस्ट २०२४ रोजी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जपानच्या बाजारात निक्केई निर्देशांक १२ टक्क्यांहून अधिक कोसळल्यानंतर, अमेरिकेतील नियमित व्यवहार सुरू होण्यापूर्वी, व्हिक्स ६५·७३ पर्यंत चढला. आदल्या व्यवहाराच्या दिवशी तो २३·३९ वर बंद झाला होता. त्या वेळी दूरच्या विक्रयविकल्पांच्या खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर फार रुंदावले होते. व्हिक्सवरील वायदे त्या मानाने पुष्कळच कमी चढले. निर्देशांकाची उडी अंशतः भावपुकाऱ्यातून आली असल्याची ही खूण होय. दिवसअखेर तो ३८·५७ वर उतरला.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २००८ मध्ये ‘निफ्टी’वरील विकल्प-करारांच्या आधारे ‘इंडिया व्हिक्स’ सुरू केला. दूरच्या निर्धारित किमतींचे व्यवहार विरळ असल्याने येथे एक वेगळी खबरदारी घेतली जाते. खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर त्यांच्या सरासरीच्या ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर तो भाव न घेता इतर करारांच्या अस्थिरतांमधून काढलेल्या वक्रावरून त्याचे मूल्य ठरवितात. वरील उदाहरणातील ८५० चा करार, ज्याचे अंतर मुळातच सरासरीइतके होते, या नियमाने घाबरगुंडीपूर्वीही ग्राह्य ठरला नसता. सौदा न होता येणारी उडी यामुळे आवरता येते. मात्र जेथे वक्र वापरला, तेथे निर्देशांक बाजारातील किंमत न राहता अनुमान बनतो.